बिलिंग अ‍ॅपचं परीक्षण लिहिण्याआधी: सुरुवातीची मांडणी, कंपनीची मदत आणि हिशेब बाहेर काढणं कसं तपासायचं

छोट्या दुकानांसाठीच्या बिलिंग अ‍ॅपची परीक्षणं बहुतेक एकाच पद्धतीनं लिहिली जातात. अ‍ॅप उतरवायचं, त्यातलाच नमुना डेटा वापरून दोन-तीन बिलं फाडायची, स्क्रीन छान दिसते असं लिहून चार तारे द्यायचे. मीही पूर्वी असंच एक परीक्षण लिहिलं होतं. ते वाचून एकानं ते अ‍ॅप घेतलं, वर्षभर वापरलं आणि सोडायची वेळ आली तेव्हा त्याच्या हाती बिलांच्या पीडीएफ फायलींचा गठ्ठा पडला. कुठला माल किती खपला, कोणाकडे किती उधारी आहे, हे सगळं त्याला हातानं पुन्हा उतरवून काढावं लागलं. अ‍ॅपमध्ये निर्यातीचं बटण आहे असं मी लिहिलं होतं. ते दाबून फाईल उघडून मात्र पाहिली नव्हती.

ही चूक टाळायची असेल तर अ‍ॅप उघडण्याआधी एक काम करावं लागतं. ज्याची उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत असा छोटासा हिशेब तयार ठेवायचा. तोच अ‍ॅपमध्ये भरायचा, त्याच्याच अडचणी कंपनीला विचारायच्या आणि तोच परत बाहेर काढून ताडून पाहायचा. खालचे सगळे टप्पे या एका हिशेबावर उभे आहेत, म्हणून क्रम बदलू नका.

## टप्पा १: चाचणी-वही तयार करा

यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा. कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये एक काल्पनिक दुकान मांडा. मी स्टेशनरीचं दुकान घेतो, कारण त्यात नगावर, बॉक्सवर आणि मापावर विकला जाणारा असा तिन्ही प्रकारचा माल असतो. २० वस्तू, ६ पार्ट्या आणि दोन महिन्यांत पसरलेली २४ बिलं एवढं पुरतं. बिलांच्या ओळी साधारण ६० होतात. त्याहून मोठी वही केली तर ताळा करताना कंटाळा येतो आणि कंटाळ्यात चुका सुटतात.

वस्तू निवडताना मुद्दाम अडचणीच्या घ्या. एका वस्तूचा कोड शून्यापासून सुरू होऊ द्या, उदाहरणार्थ `00417`. एकीला १३ अंकी बारकोड द्या. एकीच्या नावात स्वल्पविराम घाला: ‘वही, २०० पानी’. दोन-तीन नावांत रफार आणि जोडाक्षरं असू द्या, जसं ‘कर्कटक’ किंवा ‘पृष्ठधारक’. रिबीन मीटरवर विका, म्हणजे २.७५ मीटरसारखं अपूर्णांकातलं माप येईल. पेन बॉक्समध्ये येतात, बॉक्समध्ये १२ नग असतात, पण विक्री बॉक्सचीही होते आणि सुटीही होते. काही वस्तूंवर कराचा एक दर, काहींवर दुसरा आणि एक-दोन वस्तू करमुक्त ठेवा.

बिलांतही असंच करा. काही रोखीची, काही उधारीची, एक अर्धी रोख अर्धी उधार. क्रमांक ९ च्या बिलातला काही माल परत आलेला. क्रमांक ११ चं ६४० चं बिल रद्द केलेलं. क्रमांक १५ मध्ये दोन दिवसांनी दुरुस्ती करून ३ नगांचे २ केलेले. एक बिल मागच्या महिन्याची तारीख टाकून केलेलं. ५ तारखेचं एक आणि २५ तारखेचं एक बिल हवंच, त्याचं कारण टप्पा ४ मध्ये येईल.

आता उत्तरं काढा. तीच या वहीतली मोलाची गोष्ट आहे. माझ्या वहीत ती अशी आहेत:

- पार्टी ‘क’कडे आधीचं येणं २,४००. नंतर १,१५० चं उधार बिल, २,००० जमा आणि १५० चा माल परत. शिल्लक येणं १,४००.
- पार्टी ‘ख’ची ५०० आगाऊ रक्कम आपल्याकडे जमा आहे. नंतर काहीच व्यवहार नाही. म्हणजे आपलं ५०० देणं.
- उरलेल्या चौघांकडून मिळून ३,१०० येणं. सगळ्यांचं निव्वळ येणं ४,०००.
- पेनचे ५ बॉक्स, म्हणजे ६० नग. २ बॉक्स आणि ७ सुटे विकले. शिल्लक २९ नग, म्हणजे २ बॉक्स आणि ५ सुटे.
- रद्द बिल आणि परत आलेला माल वजा जाता दोन महिन्यांची निव्वळ विक्री १८,४६०.

तपासा: ही उत्तरं दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजून घ्या. वहीतच चूक राहिली तर पुढे अ‍ॅपला विनाकारण दोष लागतो.

जपा: चालू दुकानाचा खरा हिशेब चाचणीसाठी वापरू नका. त्यात खऱ्या ग्राहकांची नावं आणि मोबाईल क्रमांक असतात, आणि त्याची अचूक उत्तरं तुम्हाला ठाऊक नसतात. चाचणी म्हणून तो दोन्हीकडून कुचकामी.

## टप्पा २: मांडणी, घड्याळ लावून

परीक्षणात ‘पाच मिनिटांत सुरू होतं’ असं वाक्य नेहमी असतं. ती पाच मिनिटं खातं उघडून पहिलं बिल निघेपर्यंतची असतात. दुकानदाराच्या कामाची वेळ वेगळी: पहिलं बरोबर बिल निघेपर्यंतची. म्हणजे माल चढलेला, कराचे दर लागलेले, आधीची शिल्लक भरलेली आणि बिल छापून हातात आलेलं. या प्रत्येक कामाची वेळ वेगळी नोंदवा, कारण अ‍ॅपनुसार अडकायची जागा बदलते.

फोन साधा घ्या. तुमच्याकडचा नवा, वेगवान फोन बाजूला ठेवून गल्ल्यावर असतो तसा तीन-चार वर्षं वापरलेला, मेमरी भरत आलेला फोन वापरा. अ‍ॅपचा नमुना डेटा असेल तर तो आधी पुसा. तो पुसता येत नसेल किंवा पुसूनही आकडेवारीत डोकावत असेल, तर ते परीक्षणात लिहा.

### माल चढवणं

२० वस्तू एकेक करून भरू नका. अ‍ॅप देतं ती नमुना फाईल भरून एकदम चढवा, कारण खऱ्या दुकानात शेकड्यांनी वस्तू असतात. त्या फाईलमध्ये एका ओळीत मुद्दाम चूक ठेवा. दराच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘दहा’ असं अक्षरी लिहा. चांगलं अ‍ॅप फाईल नाकारतं किंवा चुकीच्या ओळीचा क्रमांक सांगतं. वाईट अ‍ॅप ‘यशस्वी’ म्हणतं आणि आत १९ वस्तू दिसतात. विसातली एक वस्तू गहाळ झालेली लगेच लक्षात येते, आठशेतल्या अकरा महिनोन्‌महिने येत नाहीत.

चढवल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा: `00417` चा `417` झाला का, बारकोड पूर्ण १३ अंकी आहे का, आणि स्वल्पविरामाच्या नावाचे दोन तुकडे होऊन ‘२०० पानी’ भलत्याच रकान्यात गेलं का. काही बिघडलेलं दिसलं तर अ‍ॅपला दोष देण्याआधी तुमची फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. शून्य अनेकदा स्प्रेडशीटनंच खाल्लेला असतो.

### आधीची शिल्लक

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. पार्टी ‘क’चे २,४०० ‘येणे’ बाजूला आणि ‘ख’चे ५०० ‘देणे’ बाजूला गेले पाहिजेत. बऱ्याच अ‍ॅपमध्ये हा फरक एका छोट्या गोल बटणावर असतो आणि ते आधीपासून ‘येणे’वर असतं. घाईत भरणारा माणूस ते न बघता पुढे जातो.

सहाही पार्ट्या भरून झाल्या की निव्वळ येण्याचा आकडा वहीशी लावून पाहा. फरक आला तर त्याचा निम्मा करा. बाजू उलटी पडली की फरक नेहमी त्या रकमेच्या दुप्पट येतो. २४ बिलं भरून झाल्यावर माझ्या वहीचं निव्वळ येणं ४,००० हवं होतं आणि एका अ‍ॅपमध्ये ५,००० आलं. फरक १,०००, त्याचा निम्मा ५००, म्हणजे ‘ख’ची आगाऊ रक्कम येण्यात बसली होती. चूक माझ्याच हातून झाली होती. पण ते बटण स्क्रीनच्या तळाशी, कीबोर्डखाली झाकलं जात होतं, आणि ते मी परीक्षणात लिहिलं. चूक कोणाची एवढंच लिहू नका, ती होऊ द्यायला स्क्रीननं किती हातभार लावला हेही लिहा.

### कर आणि राऊंड-ऑफ

एक बिल खास यासाठी ठेवा: ३३.३० च्या तीन ओळी, प्रत्येकीवर ५ टक्के कर. ओळीवार कर १.६६५ येतो, तो १.६७ धरला तर तीन ओळींचा ५.०१ होतो. आधी बेरीज केली तर ९९.९० वर ४.९९५, म्हणजे ५.००. दोन्ही पद्धती वापरात आहेत. बघायचं एवढंच की बिलावर, अहवालात आणि पुढे निर्यात केलेल्या फाईलमध्ये तिन्हीकडे एकच आकडा येतो का. बिलावर ५.०० आणि अहवालात ५.०१ असेल तर महिनाअखेरीला ताळा जुळत नाही आणि कारणही सापडत नाही.

### छपाई

५८ मिमी रुंदीच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर नेहमीच्या आकारात एका ओळीत ३२ अक्षरं बसतात, ८० मिमीवर ४८. ‘पृष्ठधारक, निळा, मोठा’ यासारखं लांब नाव छापून बघा. ते दुसऱ्या ओळीवर नीट उतरतं की रकमेच्या अंगावर चढतं?

मराठी नावांची तर वेगळी चाचणी हवीच. या प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी अक्षरं भरलेली नसतात. अ‍ॅपनं बिल चित्र म्हणून पाठवलं तर मराठी नीट छापलं जातं, मात्र छपाईला थोडा जास्त वेळ लागतो. अक्षरं म्हणून पाठवलं तर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन उमटतात. स्क्रीनवरचा नमुना पाहून ‘मराठीत बिल येतं’ असं लिहू नका, कागद हातात येऊ द्या.

### नेट नसताना

शेवटची पाच बिलं विमान मोड लावून करा. दोन फोनवर एकच खातं उघडा, नेट बंद करा, पहिल्यावर तीन आणि दुसऱ्यावर दोन बिलं करा आणि मग दोन्हींचं नेट चालू करा. पाच बिलांना पाच वेगळे क्रमांक हवेत. दोन्ही फोननी आपापला २० क्रमांक दिला असेल तर अ‍ॅप पुढे काय करतं हे नीट बघा. एखादं क्रमांक बदलतं, म्हणजे ग्राहकाच्या हातातल्या कागदावर एक आणि खात्यात दुसरा. एखादं दोन्ही तसेच ठेवतं. सर्वांत वाईट म्हणजे एक बिल दुसऱ्यावर लिहिलं जातं आणि पाचाची चार होतात. नेट नसताना बिलच करू न देणारं अ‍ॅप त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायचं, पण तेही स्पष्ट लिहा.

पुढे जाण्याआधी तपासा: २४ बिलं पूर्ण, निव्वळ विक्री १८,४६०, निव्वळ येणं ४,०००, पेन २९ नग. पेनच्या जागी २.४१७ बॉक्स दिसत असेल तर गणित बरोबर आहे, पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला त्यातून किती सुटे पेन उरले ते कळत नाही. आकडे जुळत नसतील तर दुरुस्त करून जुळवा आणि काय दुरुस्त केलं ते लिहून ठेवा. न जुळलेला हिशेब घेऊन टप्पा ४ करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: मदत मागा, पण प्रश्न आधी लिहून ठेवा

मदतीचं परीक्षण बहुधा एका प्रश्नावर उरकलं जातं आणि तोही सोपा असतो. मी तीन प्रश्न ठेवतो.

पहिला साधा: बिल क्रमांकाच्या आधी येणारी अक्षरं कशी बदलायची? याचं उत्तर अ‍ॅपच्या मदत-पानावर असायला हवं, त्यामुळे आधी तिथे शोधा आणि मग विचारा.

दुसऱ्यासाठी हिशेब कळावा लागतो: ‘एका पार्टीची ५०० आगाऊ रक्कम चुकून येण्यात भरली. त्यानंतर बरीच बिलं झाली आहेत. बिलांना हात न लावता ही शिल्लक कशी दुरुस्त करू?’ इथे उत्तर देणारा माणूस हिशेब जाणतो की फक्त बटणं, हे उघड होतं. ‘पार्टी काढून टाकून पुन्हा भरा’ असं उत्तर आलं तर त्या पार्टीच्या जुन्या नोंदींचं काय होईल हे त्याच्या डोक्यात आलेलं नाही.

तिसरा कंपनीला न आवडणारा: ‘मला अ‍ॅप बंद करायचं आहे. माझी सगळी बिलं ओळीवार कशी मिळतील, आणि वर्गणी संपल्यावर किती दिवस माझा हिशेब मला पाहता येईल?’ हा लेखी विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल.

पहिला प्रश्न कामाच्या दिवशी सकाळी विचारा, दुसरा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा दुकानात गर्दी आणि कंपनीच्या कार्यालयात शांतता असते. माध्यमंही बदला: एक चॅटवर, एक फोनवर, एक ईमेलवर. तुम्ही परीक्षण लिहिणार आहात हे सांगू नका. चाचणीच्या मोफत दिवसांत फोन उचलणारा माणूस पुष्कळदा विक्री विभागातला असतो आणि तो तत्पर असणारच. म्हणून शक्य असेल तर कमीत कमी एक प्रश्न वर्गणी भरल्यानंतर विचारा. हा खर्च टाळून लिहिलेलं मदतीचं परीक्षण मी अर्धं मानतो, आणि तो टाळला असेल तर तसं परीक्षणात नमूद करायला हवं.

प्रत्येक प्रश्नाच्या तीन वेळा नोंदवा: प्रश्न पाठवला ती, माणसाचं पहिलं उत्तर आलं ती आणि अडचण प्रत्यक्षात सुटली ती. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा आपोआप आलेला संदेश उत्तर म्हणून धरायचा नाही. उत्तर आलं की ते करून बघा आणि ‘ख’च्या खात्यात ५०० देणं दिसतं का पाहा. दोन मिनिटांत आलेलं चुकीचं उत्तर हे दुसऱ्या दिवशी आलेल्या बरोबर उत्तरापेक्षा महाग पडतं, कारण दुकानदार ते लगेच अमलात आणतो. दुरुस्ती करण्याआधी खात्याची प्रत घेऊन ठेवा.

जपा: मदतनीस ‘तुमची स्क्रीन दाखवा’ म्हणाला तर चाचणीच्या फोनवर बँकेचं अ‍ॅप किंवा खासगी संदेश नसावेत. ओटीपी किंवा पासवर्ड कोणी मागितला तर देऊ नका, आणि मागितला होता हे परीक्षणात ठळक लिहा.

## टप्पा ४: हिशेब बाहेर काढा

बटण आहे का हा पहिला प्रश्न, आणि त्याला फारशी किंमत नाही. फाईलमध्ये काय येतं हा खरा. तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका. पीडीएफ हा छापील कागद झाला, त्यातून आकडे सहज काढता येत नाहीत. बॅकअप ही त्याच अ‍ॅपला वाचता येणारी प्रत, अ‍ॅप गेलं की तीही गेली. निर्यात म्हणजे सीएसव्ही किंवा एक्सेलसारखी फाईल, जी दुसरा कोणताही कार्यक्रम उघडू शकतो. ‘बॅकअपची सोय आहे’ एवढ्यावर निर्यातीला पैकीच्या पैकी गुण देणारी परीक्षणं मी वारंवार वाचतो.

### काय-काय मिळतं

वस्तूंची यादी, पार्ट्यांची यादी आधीच्या शिलकेसकट, विक्रीची बिलं, खरेदी, आलेले-दिलेले पैसे आणि माल परत, हे सगळं उतरवा. बिलांच्या फाईलकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. तुमच्या वहीत २४ बिलं आणि ६० ओळी आहेत. उतरलेल्या फाईलमध्ये २४ च ओळी असतील तर ती नुसती गोषवारा-फाईल आहे: बिल क्रमांक, पार्टी, एकूण रक्कम. कुठली वस्तू किती खपली हे तिच्यातून कधीच निघणार नाही. ६० ओळींची फाईल मिळत असेल तर प्रत्येक ओळीवर बिल क्रमांक आहे ना, हे बघा. तो नसेल तर ओळ कुठल्या बिलाची ते जुळवता येत नाही.

काही अ‍ॅप एका वेळी एकाच महिन्याचा हिशेब देतात. दोन महिन्यांच्या वहीमुळे ते कळतं. पाच वर्षांचा हिशेब असेल तर ६० फायली उतरवाव्या लागतील, हे वाचकाला आकड्यात सांगा.

### फाईल आधी टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा

सीएसव्हीवर दोनदा टिचकी मारली की ती थेट स्प्रेडशीटमध्ये उघडते आणि तिथेच घोळ होतो. `00417` चा `417` दिसतो, `5901234123457` हा बारकोड `5.90123E+12` असा दिसतो. फाईलमध्ये आकडा शाबूत असतो, स्प्रेडशीट तो आपल्या मनानं बदलून दाखवते. तशीच फाईल जतन केली तर मात्र तो कायमचा जातो. म्हणून मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि पहिली नजर साध्या टेक्स्ट एडिटरमधून टाका. तिथेच शून्य नसेल तर दोष अ‍ॅपचा.

मराठी नावांचंही असंच. स्प्रेडशीटमध्ये ‘म’च्या जागी `à¤®` अशी चिन्हं आली तर घाबरू नका. फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि स्प्रेडशीटनं ती वेगळ्या पद्धतीनं वाचली आहे. एक्सेलमध्ये `Data` मधून `From Text/CSV` निवडा आणि `65001: Unicode (UTF-8)` ठरवा, अक्षरं परत येतात. कोड आणि बारकोडचे रकाने तिथेच टेक्स्ट म्हणून आणा. टेक्स्ट एडिटरमध्येच `????` दिसत असेल तर मात्र नाव फाईल लिहितानाच हरवलं आहे. ते कुठल्याही उपायानं परत येत नाही. पहिला दोष गैरसोयीचा, दुसरा अ‍ॅप नाकारायला पुरेसा. परीक्षणात दोन्हींना ‘मराठी नीट दिसत नाही’ या एकाच वाक्यात गुंडाळू नका.

### तारखा

५ एप्रिलचं बिल `05/04/2025` असं आलं तर तुमची स्प्रेडशीट ते ४ मेचं समजू शकते. २५ तारखेचं `25/04/2025` मात्र तिला महिना म्हणून वाचता येत नाही, कारण पंचविसावा महिना नाही, आणि ती ते नुसता मजकूर म्हणून ठेवते. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसतात. अशी सरमिसळ दिसली की उजवीकडच्या तारखांवर विश्वास ठेवू नका. वर्ष आधी लिहून तारीख देणारं अ‍ॅप, म्हणजे `2025-04-05` असं, हा प्रश्न मुळातच येऊ देत नाही. असं कुठे दिसलं तर आवर्जून कौतुक करा.

### ताळा

आता बेरजा. रक्कम `F` रकान्यात असेल तर आधी बघा की सगळे आकडे खरोखर आकडेच आहेत:

```
=COUNTA(F2:F61)-COUNT(F2:F61)
```

उत्तर ० हवं. ० नसेल तर तेवढ्या रकमा मजकूर म्हणून आल्या आहेत. बहुधा त्यांच्यासोबत चलनाचं चिन्ह आलेलं असतं, आणि बेरीज त्यांना गुपचूप वगळते. मग एकूण:

```
=SUM(F2:F61)
```

माल परत वेगळ्या फाईलमध्ये येत असेल तर तो वजा करा. १८,४६० आलं तर छान. १९,१०० आलं तर फरक ६४० चा, म्हणजे रद्द केलेलं क्रमांक ११ चं बिलही धरलं गेलं आहे. त्या ओळीवर ‘रद्द’ अशी खूण असेल तर हे चालण्यासारखं आहे, खूण गाळून बेरीज करता येते. खूणच नसेल तर फाईल विक्री फुगवून सांगते. बिल फाईलमधून पार नाहीसं झालं असेल तर तेही बरं नाही, कारण १० नंतर थेट १२ का, याचं उत्तर दुकानदाराला कधी ना कधी द्यावं लागतं. क्रमांक १५ मध्ये दुरुस्तीनंतरचे २ नग आहेत का आणि ‘क’चं येणं १,४०० येतं का, हेही इथेच पाहा.

### पुन्हा भरून बघा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही. वस्तू आणि पार्ट्यांच्या उतरवलेल्या फायली दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपच्या नव्या खात्यात चढवा. रकान्यांची नावं बदलावी लागतील, तेवढं मान्य. किती मिनिटं लागली आणि किती गोष्टी हातानं भराव्या लागल्या ते लिहा. बॉक्स आणि सुट्याचं नातं, आधीच्या शिलकेची येणे-देणे बाजू आणि कराचा दर या तीन गोष्टी वाटेत गळतात असा माझा अनुभव आहे.

जपा: नोकराच्या लॉगिननंही निर्यात करून पाहा. सगळ्या ग्राहकांची नावं-क्रमांकांची यादी त्याला सहज उतरवता येत असेल तर निर्यात सोपी असणं हाच दोष ठरतो. ती परवानगी मालकाला बंद करता यायला हवी.

## टप्पा ५: मुदत संपू द्या

चाचणीचे दिवस किंवा वर्गणी संपल्यावर अ‍ॅप काढून टाकू नका. दुसऱ्या दिवशी उघडा. जुनी बिलं दिसतात का? निर्यात चालते का? टप्पा ३ मधल्या तिसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर समोर ठेवून ताडून बघा. काही अ‍ॅप नवी बिलं थांबवतात पण जुना हिशेब बघू देतात. काही सगळ्यावरच कुलूप लावतात, म्हणजे हिशेब सोडवून घेण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात. दुकानदाराला सर्वांत आधी हवी असते ती ही माहिती, आणि ती मिळवायला वाट पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

## टप्पा ६: लिहिताना

तिन्ही बाबींची सरासरी काढून तारे देऊ नका. मांडणीला पाच, मदतीला चार आणि निर्यातीला एक, याची सरासरी तीनच्या वर जाते आणि बरं अ‍ॅप वाटतं, प्रत्यक्षात ते दुकानदाराला अडकवून ठेवणारं असतं. तिन्ही वेगळं लिहा आणि निर्यात आधी लिहा.

अ‍ॅपची आवृत्ती, चाचणीच्या तारखा, फोनचं मॉडेल, मोफत की सशुल्क योजना आणि प्रिंटरची रुंदी सुरुवातीलाच द्या. जे तपासलं नाही ते नावानिशी सांगा: खरेदीच्या फायली उघडल्या नसतील तर तसं लिहा. दोष सापडला तर तो परत कसा घडवायचा तेही द्या, म्हणजे वाचकाला स्वतः करून बघता येईल आणि कंपनीला दुरुस्त करता येईल. प्रकाशित करण्याआधी कंपनीला तो दोष कळवा आणि उत्तरासाठी ठराविक दिवस द्या. दुरुस्ती आली तर वही तीच, टप्पे तेच, फक्त आवृत्ती नवी, असं करून पुन्हा बघा आणि जुन्या निकालाखाली नवा जोडा. जुना पुसू नका.

लेख बाहेर गेल्यावर चाचणी-खातं बंद करण्याची विनंती पाठवा आणि तिलाही किती दिवस लागले ते मोजा. हा आकडा आला की परीक्षणात शेवटची ओळ म्हणून भरून टाका.